सर गेले, पीपीटी राहिली: कोऱ्या नोट्स भरायच्या कशा?

*ताई, नमस्कार. मी पुण्यात सोलर बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत विक्री विभागात आहे. गृहनिर्माण सोसायट्यांपुढे प्रेझेंटेशन द्यायचं काम सहा वर्षं आमचे एक सर करायचे. गेल्या महिन्यात ते दुसऱ्या कंपनीत गेले. त्यांची 34 स्लाईड्सची पीपीटी आता माझ्याकडे आली आहे आणि नोट्सची जागा सगळीकडे कोरी आहे. साहेब म्हणाले, प्रत्येक स्लाईडखाली नोट्स लिहून काढ, म्हणजे पुढे कोणीही उभं राहू शकेल. बारा दिवसांनी एका सोसायटीच्या सभेत मलाच उभं राहायचंय. सरांचं प्रेझेंटेशन मी दोनदाच ऐकलंय. ते काय बोलायचे ते आठवून लिहायला बसले की तिसऱ्या स्लाईडच्या पुढे जात नाही. काही आकडे कुठून आले तेच कळत नाही. सरांना फोन करणं बरं दिसेल का? आणि त्यांच्यासारखं बोलणं मला जमणारच नसेल, तर या नोट्सचा उपयोग तरी काय?*

तुम्ही आठवायला बसलात, तिथेच काम अडलं. दोनदाच ऐकलेलं बोलणं कोणालाच आठवत नाही. सरांनाही ते एकसारखं आठवत नसणार, कारण नोट्स कोऱ्या ठेवणारा माणूस दर वेळी समोरच्या सभेकडे बघून बोलतो. तेव्हा आठवणीचा नाद सोडा आणि फाईल उघडा. सहा वर्षं वापरलेल्या पीपीटीत वापरणाऱ्याच्या खुणा राहतात. त्या वाचता आल्या तर निम्म्या नोट्स तिथेच सापडतात.

पहिल्या दिवशी काहीही लिहू नका. `F5` दाबून पीपीटी पहिल्यापासून चालवा आणि प्रत्येक स्लाईडवर किती क्लिक लागतात ते कागदावर मांडा. आपण एरवी स्लाईड संपादनाच्या खिडकीत बघतो, तिथे सगळं एकदम दिसतं, म्हणून बोलण्याचा क्रम कळत नाही. ज्या स्लाईडवर चार क्लिक आहेत तिथे सर चार टप्प्यांत बोलत होते. `Animations` टॅबमधल्या `Animation Pane` मध्ये कोणती गोष्ट कितव्या क्रमांकाला येते ते ओळीने लिहिलेलं असतं. तो क्रम हाच त्यांच्या बोलण्याचा सांगाडा.

सोलरच्या बहुतेक पीपीटींमध्ये गच्चीचा एक फोटो असतो. तुमच्याही असेल असं धरून चालते. आधी रिकामी गच्ची, मग पाण्याच्या टाकीभोवती लाल गोल, मग टाकीपासून दूर सरकलेली पॅनेलची रांग. स्लाईडवर शब्द एकही नाही. पण तीन क्लिक सांगतात की इथे टाकीच्या सावलीचं बोलणं होतं. पुढचं तुम्हाला तुमच्या कामातून माहीत आहे किंवा साइटवरचा अभियंता पाच मिनिटांत सांगेल. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण 48 अंशांवरच चढतो, त्यामुळे टाकीची सावली उत्तरेकडे लांब पडते. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली असतात, म्हणून एका पॅनेलवरची सावली आख्ख्या रांगेची वीज कमी करू शकते. या स्लाईडची नोट इथेच तयार झाली. तिचा एकही शब्द सरांचा नाही, पण ती त्यांच्याइतकीच खरी आहे.

दुसरी खूण म्हणजे लपवलेल्या स्लाईड्स. डावीकडच्या पट्टीत ज्यांच्या क्रमांकावर तिरकी रेघ आहे त्या स्लाईड शोमध्ये दिसत नाहीत. अशा स्लाईड्स बहुधा शेवटी, ‘धन्यवाद’च्या मागे असतात. नव्या माणसाला तो कचरा वाटतो आणि तो आधी पुसतो. कृपा करून पुसू नका. माणूस लपवलेली स्लाईड जवळ ठेवतो ती कोणीतरी प्रश्न विचारलेला असतो म्हणून. तिथे ‘गच्चीचं वॉटरप्रूफिंग’ अशी स्लाईड असेल तर समजा की दर चार सभांमागे एक आजोबा उठून विचारतात, ‘भोकं पाडणार का आमच्या गच्चीला?’ हा प्रश्न आणि त्याचं उत्तर ज्या मूळ स्लाईडवर निघतं तिथल्या नोटमध्ये आलं पाहिजे. लपवलेल्या स्लाईडचा क्रमांकही तिथेच लिहा. शो चालू असताना तो क्रमांक टाईप करून एंटर दाबलं की लपवलेली स्लाईडही उघडते.

फाईल कंपनीच्या वनड्राईव्हवर असेल तर `File`, `Info`, `Version History` असं जाऊन जुन्या आवृत्त्याही बघा. एखादी स्लाईड दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेली दिसली तर का काढली ते विचारण्यासारखं असतं. यापेक्षा जास्त वेळ इथे घालवू नका.

आता आकड्यांकडे येते. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ती आहे. बोलण्याची ढब गेली तर काही बिघडत नाही. आकडा कुठून आला हे माहीत नसताना तो दीडशे सभासदांपुढे म्हणणं मात्र धोक्याचं. मी स्वतः एका जुन्या नोकरीत वारशाने आलेल्या पीपीटीतला बचतीचा आकडा आत्मविश्वासाने वाचून दाखवला होता. समोरच्या हिशेबनिसाने ‘हे कसं काढलंत?’ एवढंच विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या पीपीटीतला आकडा आधी उलटा सोडवून बघते. कसा, ते तुमच्याच क्षेत्रातल्या एका उदाहरणावर दाखवते. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या फाईलमधले वेगळे असतील, पण वाट हीच.

समजा एका स्लाईडवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘20 किलोवॅट, खर्च 11 लाख, परतफेड 3.8 वर्षांत’. पुढच्याच स्लाईडवर सरकारी अनुदानाची माहिती आहे. त्यापुढे पंचवीस वर्षांच्या बचतीचा स्तंभालेख. 3.8 हा आकडा कोणत्या हिशेबाने आला आणि त्यात अनुदान धरलंय का, हे कुठेच नाही. सभेत पहिला प्रश्न हाच येणार.

स्तंभालेखावर राईट क्लिक करून `Edit Data` निवडा. आलेख फाईलच्या आतच साठवलेला असेल तर छोटी एक्सेल उघडते. तो बाहेरच्या एक्सेलला जोडलेला असेल आणि ती सरांच्या लॅपटॉपबरोबर गेली असेल, तर जोडलेली फाईल सापडत नाही असा संदेश येईल. तरी आलेखाच्या स्तंभावर माऊस नेला की त्याची किंमत दिसते, तेवढी पुरे. धरूया की पहिल्या वर्षाची बचत 2,92,000 रुपये निघाली आणि पुढे ती दर वर्षी थोडी थोडी घटते.

आता हा आकडा सोडवू. महाराष्ट्रात एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरण्याची पद्धत आहे. 20 गुणिले 4 गुणिले 365 म्हणजे 29,200 युनिट. 2,92,000 ला 29,200 ने भागलं की बरोबर दहा. म्हणजे सरांनी युनिटचा दर दहा रुपये धरला होता. स्लाईडवर कुठेही नसलेली एक गोष्ट तुमच्या हाती आली. दरवर्षीची घट म्हणजे जुनी होत जाणारी पॅनेल कमी वीज देतात ती, हेही कळलं.

मग परतफेड. अकरा लाखाला 2,92,000 ने भागा: 3.77 येतं, म्हणजे 3.8. अनुदान वजा करून बघा. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. तिच्यात सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये ठरले. 20 किलोवॅटला ते 3,60,000 होतात. उरलेल्या 7,40,000 ला 2,92,000 ने भागलं तर 2.5 वर्षं. त्याआधीच्या योजनेत सोसायट्यांना किलोवॅटमागे 7,294 रुपये मिळत. ते धरले तर साधारण 3.3 येतं. तिन्हींपैकी स्लाईडशी जुळतो तो पहिलाच आकडा. म्हणजे 3.8 मध्ये अनुदान धरलेलंच नाही.

इथे बहुतेकजण घाई करतात. ‘अरे, सर चुकले, मी 2.5 करते’ असं म्हणून स्लाईड बदलतात. थांबा. सहा वर्षं हे काम करणाऱ्याने अनुदान वगळलं त्याला कारण असण्याची शक्यता जास्त. एक कारण तर मला लगेच सुचतं: या अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेल, दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. अशा पॅनेलचा दर आणि आयात सेलच्या पॅनेलचा दर वेगळा असतो. स्लाईडवरचे अकरा लाख जर आयात सेलच्या पॅनेलचे असतील, तर त्यातून 3,60,000 वजा करणं हीच चूक ठरेल. खर्च एका मालाचा आणि अनुदान दुसऱ्या मालाचं. तुम्ही ‘अडीच वर्षांत पैसे वसूल’ म्हणालात, सोसायटीने ठराव केला आणि मग कोटेशन वेगळं आलं, तर तो राग तुमच्या नावावर जमा होतो. दुसरंही कारण असू शकतं: अनुदान काम पूर्ण झाल्यावर जमा होतं, सोसायटीला पैसे आधी उभे करावे लागतात, म्हणून सर ते हिशेबात न धरता तोंडी सांगत असतील.

कोणतं कारण खरं, ते फाईल सांगणार नाही. खरेदी विभागातला माणूस सांगेल. त्याला एकच प्रश्न विचारा: ‘या स्लाईडवरचे अकरा लाख कुठल्या पॅनेलचे आणि कोणत्या महिन्याच्या दराने?’ उत्तर आणि तारीख नोटमध्ये लिहा. दहा रुपयांच्या दराचंही तसंच. तो सरांच्या वेळच्या एखाद्या सोसायटीचा असेल. तुम्ही जिथे जाणार आहात तिथल्या सचिवांकडून लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाच्या जोडणीची गेल्या बारा महिन्यांची बिलं आधीच मागवून घ्या आणि त्यांच्या दराने गुणाकार करा. सामायिक वापर महिन्याला हजार युनिटच असेल तर तिथे वीस किलोवॅटचा हिशेबच लागू होत नाही. वीस किलोवॅट महिन्याला साधारण 2,400 युनिट बनवतं आणि वापरापेक्षा जास्तीच्या विजेला आपल्या बिलाच्या दराने पैसे मिळत नाहीत. ही गोष्ट सर नक्की तोंडी सांगत असणार, कारण ती न सांगता कोणी या धंद्यात सहा वर्षं टिकत नाही.

चौतीसही स्लाईड्सना एवढं सोडवावं लागणार नाही. आकडा असलेल्या स्लाईड्स सात-आठच निघतील. त्यांना चार दिवस द्या. उरलेल्या एका दुपारचं काम आहेत.

सरांना फोन करायचा का? करा. पण आधी साहेबांना सांगून करा आणि वरचं सगळं झाल्यावर करा. ‘सर, तुम्ही काय बोलायचात ते सांगा ना’ असा फोन केलात तर तेही गोंधळतील आणि तुम्हाला दहा मिनिटं आठवणी ऐकायला मिळतील. हाती सोडवलेला हिशेब घेऊन विचारलंत, ‘सर, 3.8 वर्षांत अनुदान धरलेलं दिसत नाही, ते मुद्दाम का?’ तर एका वाक्यात उत्तर मिळेल. असे चार-पाचच प्रश्न काढा. आदल्या दिवशी निरोप पाठवून वेळ विचारा आणि पंधरा मिनिटांत संपवा. यात बरं न दिसण्यासारखं काही नाही. आपलं काम कोणीतरी इतकं बारकाईने वाचलंय याचा जुन्या माणसाला आनंदच होतो.

मर्यादा मात्र पाळा. ते दुसऱ्या सोलर कंपनीत गेले असतील तर फाईल, नवे दर, किंवा तुम्ही कोणत्या सोसायटीत जाताय हे त्यांना सांगू नका, आणि त्यांच्या नव्या कंपनीबद्दल काही विचारू नका. प्रश्न जुन्या स्लाईडपुरतेच. साहेब ‘नको’ म्हणाले तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या दोघांकडे जा. एक, सरांबरोबर सभांना जाणारा साइट अभियंता. त्याने ते बोलणं तुमच्यापेक्षा वीस पट जास्त वेळा ऐकलंय. दुसरे, ज्या सोसायटीत तुमचं काम झालंय तिथले सचिव. त्यांना विचारा, ‘त्या दिवशी सभेत लोकांना नक्की काय पटलं?’ विक्री विभागाला हा प्रश्न सहसा सुचत नाही, आणि नोट्ससाठी त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. सभांनंतर सरांनी पाठवलेल्या ईमेलही शोधा. ‘काल आपण विचारल्याप्रमाणे’ अशी सुरुवात असलेली प्रत्येक ईमेल म्हणजे एक प्रश्न आणि त्याचं तपासलेलं उत्तर.

आता लिहायचं कसं. आधी बोला, मग लिहा. स्लाईड लावा, अभियंत्याला समोर बसवा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि त्याला समजेल असं बोला. मग ते ऐकून लिहा. टेबलावर बसून लिहिलेली नोट ‘सदर प्रकल्पाद्वारे विजेच्या देयकात लक्षणीय घट होते’ अशी निघते, आणि ती सभेत वाचवत नाही. बोलून लिहिलेली नोट ‘लिफ्ट आणि पंपाचं बिल जवळपास शून्यावर येईल, घरातल्या बिलाशी याचा संबंध नाही’ अशी निघते. स्लाईड इंग्रजीत असली तरी नोट ज्या भाषेत बोलणार त्याच भाषेत लिहा. मोठे आकडे अक्षरांत लिहा, ‘अकरा लाख’, ‘दोन लाख ब्याण्णव हजार’. उभं राहून एका नजरेत 2,92,000 वाचताना जीभ अडखळते.

परतफेडीच्या त्या स्लाईडची नोट माझ्या मते अशी असावी:

> बोलायचं: “तुमच्या लिफ्ट आणि पंपाच्या बिलावरून आम्ही हा हिशेब केलाय. वीस किलोवॅटला अकरा लाख खर्च. पहिल्या वर्षी बचत दोन लाख ब्याण्णव हजार. म्हणजे चार वर्षांच्या आत पैसे वसूल. यात सरकारी अनुदान धरलेलं नाही, ते पुढच्या स्लाईडवर सांगते.”
>
> आकडा कुठून: 20 × 4 युनिट × 365 दिवस × 10 रु. युनिटचा दर सोसायटीच्या बिलातून. प्रत्येक सभेआधी बदलायचा. खर्च खरेदी विभागाकडून, तारीख ____. तपासलं.
>
> अनुदान का वगळलं: काम झाल्यावर मिळतं, पैसे आधी लागतात. अंदाज, सरांना विचारायचं.
>
> विचारतील: “पावसाळ्यात काय?” चार युनिट ही वर्षाची सरासरी आहे, जुलै-ऑगस्टमध्ये कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त.

पहिला भाग उभं राहून बोलण्यासाठी, उरलेला आदल्या रात्री वाचण्यासाठी. बोलण्याचा भाग पन्नास-साठ शब्दांच्या वर नेऊ नका. तो सर्वांत वर ठेवा, म्हणजे सभेत खाली सरकवत बसावं लागणार नाही. आणि ‘तपासलं’, ‘अंदाज’ हे शब्द प्रत्येक विधानापुढे खरंच लिहा. तुमच्यानंतर जो ही पीपीटी घेईल त्याला आकडा पक्का की तुम्ही जुळवलेला, हे कळायला दुसरा मार्ग नाही. तुम्ही आज ज्या अडचणीत आहात ती एवढ्या एका शब्दाच्या अभावी आलेली आहे.

आपण सुरुवातीला ‘प्रत्येक स्लाईडखाली’ हे शब्द तसेच मान्य केले. आता त्यांच्याकडे परत या. सोसायटीच्या सभेत तुम्हाला वीस मिनिटं मिळतील, फार तर पंचवीस. चौतीस स्लाईड्सना वीस मिनिटं म्हणजे एकीला जेमतेम पस्तीस सेकंद. सर हे कसं निभावत होते? बहुधा निभावत नव्हतेच. निम्म्या स्लाईड्स ते झरझर पुढे ढकलत असतील. तुम्ही दोनदा ऐकलंय, आठवून बघा, एवढं नक्की आठवेल. `Slide Show` टॅबमधलं `Rehearse Timings` चालवून तुमच्या बोलण्याने प्रत्येक स्लाईडला किती वेळ लागतो ते मोजा. माझा अंदाज आहे की बारा-तेरा स्लाईड्सवर वीस मिनिटं संपतील.

मग उरलेल्यांचं काय? विभाग बदलणाऱ्या, नुसतं शीर्षक असलेल्या स्लाईडला एकच वाक्य पुरतं: आधीचा मुद्दा पुढच्याला जोडणारं. कंपनीच्या ओळखीच्या स्लाईड्स चार असतील तर एकीत आणा. आणि जिच्यावर फाईल, अभियंता, खरेदी विभाग, सर, सगळं विचारून झाल्यावरही तुम्हाला नोट लिहिता येत नाही, ती स्लाईड लपवा. उदाहरणार्थ, ‘75% ग्राहक समाधानी’ असं लिहिलंय आणि कोणाला कधी विचारलं याचा पत्ताच नाही. अशा स्लाईडची गोलमोल नोट लिहून ती वाचवू नका. नोटमध्ये ‘स्रोत सापडला नाही म्हणून लपवली’ एवढं आणि तारीख लिहा. साहेबांना अशा स्लाईड्सची यादी दाखवा. ‘चौतीसपैकी तेरावर पूर्ण नोट्स, बारावर एकेक वाक्य, नऊ लपवल्या आणि त्या का’ हे ऐकून कोणताही समंजस साहेब नाराज होणार नाही.

साहेबांचं ‘कोणीही उभं राहू शकेल’ हे मात्र मला पटत नाही, आणि तुम्ही ते त्यांना नम्रपणे सांगावं असं मला वाटतं. नोट्स वाचून नवा माणूस बोलू शकेल, पण वॉटरप्रूफिंगच्या तिसऱ्या उपप्रश्नाला तो अडकेलच. सोलरचं काम माहीत असलेला माणूस लागतोच, नोट्समुळे त्याची तयारी दोन आठवड्यांवरून दोन दिवसांवर येते. एवढंच आश्वासन त्यांना द्या. आणि याच कारणाने सरांसारखं बोलण्याची काळजी सोडा. त्यांच्या किश्श्यांपैकी एखादा तुम्हाला आठवत असेल तरी नोटमध्ये घालू नका. ‘कोथरूडच्या एका सोसायटीत मला सांगितलं’ हे वाक्य जो तिथे गेला होता त्याच्याच तोंडी शोभतं. त्या जागी तुम्ही साइटवर स्वतः पाहिलेलं सांगा, एखाद्या गच्चीवर सावलीमुळे रांग कशी हलवावी लागली ते. तेही नोटमध्ये पूर्ण लिहू नका, ‘माझं उदाहरण: सावली’ एवढंच. पुढचा माणूस तिथे स्वतःचं घालेल.

सभेच्या दिवसाबद्दल दोन गोष्टी, कारण तिथे नोट्स घात करू शकतात. सोसायटीच्या हॉलमध्ये बहुधा टीव्हीला एचडीएमआय केबल लावायची असते आणि लॅपटॉप जे दाखवतो तेच टीव्हीवर दिसतं. अशा वेळी नोट्सची खिडकी उघडलीत तर ‘अंदाज, सरांना विचारायचं’ हे सगळ्या सभेला दिसेल. आधी `Windows + P` दाबून `Extend` निवडा, म्हणजे टीव्हीवर स्लाईड आणि लॅपटॉपवर नोट्स असं वेगळं होतं. ते जमलं नाही तर हट्ट नको. `File`, `Print` मध्ये `Notes Pages` निवडून आदल्या दिवशीच कागदावर काढून ठेवा. सभेत कागद हातात असलेला माणूस लोकांना तयारीचा वाटतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सभा संपली की सचिव म्हणतात, ‘पीपीटी पाठवून द्या ना.’ तुम्ही तीच फाईल पाठवलीत तर नोट्स तिच्याबरोबर जातात, लपवलेल्या स्लाईड्स जातात, आणि आलेखाच्या आत साठवलेली एक्सेलही जाते. त्या एक्सेलमध्ये कधीकधी आलेखापुरता तक्ता नसतो, मूळ वर्कबुक सगळ्या शीट्ससकट असते, तुमच्या खरेदीदरांसह. आलेख एक्सेलमधून चिकटवताना हे नकळत होतं. तेव्हा `Edit Data` उघडलं असेल तेव्हाच `Edit Data in Excel` ने ती पूर्ण उघडून खाली किती शीट्स आहेत ते बघा. बाहेर नेहमी पीडीएफ पाठवा. पीडीएफ करताना `Options` मध्ये `Publish what` समोर `Slides` असावं, `Notes pages` नव्हे, आणि `Include hidden slides` ची खूण काढलेली असावी. पीपीटीच मागितली तर फाईलची प्रत काढा आणि त्या प्रतीवर `File`, `Info`, `Check for Issues`, `Inspect Document` चालवून नोट्स पुसा. मूळ फाईलवर हे चालवू नका, बारा दिवसांचं काम एका क्लिकमध्ये जाईल. लपवलेल्या स्लाईड्स प्रतीतून हाताने काढा, आणि आलेख चित्र म्हणून चिकटवा, म्हणजे आतली एक्सेल सुटते.

बारा दिवसांची वाटणी मी अशी करीन: एक दिवस फाईल नुसती बघण्यात, चार दिवस आकड्यांवर, एक दिवस फोन आणि भेटीगाठींना, तीन दिवस बोलून लिहिण्यात. दहाव्या दिवशी अभियंत्यापुढे आणि शक्य असेल तर हिशेब विभागातल्या कोणापुढे पूर्ण प्रेझेंटेशन द्या. त्यांना सांगा, प्रत्येक आकड्याला ‘कसं काढलं?’ विचारा. जिथे अडाल तिथली नोट अकराव्या दिवशी पुन्हा लिहा. बारावा दिवस राखून ठेवा, कारण खरेदी विभागाचं उत्तर तेव्हाच येणार.

सभेहून घरी आलात की त्याच रात्री लोकांनी विचारलेले प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, त्या त्या स्लाईडच्या ‘विचारतील’खाली लिहा. ज्याचं उत्तर देता आलं नाही तो सर्वांत वर, तारखेसह.